अनुभव धागा: इमारतीच्या लॉबीत माटोळी, वाट न अडवता आणि रंग न उखडता

ताळगावकरीण (धागा सुरू करताना)
चवथीला सोसायटीचा गणपती तळमजल्याच्या लॉबीत बसवायचा, तर मखर, पडदे, दिवे यांचं जमून जातं. अडतं ते मूर्तीच्या वर फळं टांगायच्या माटोळीपाशी. घरात वाशांना बांधायची सोय असते, इथे वर जिप्समचं फॉल्स सीलिंग आणि भिंतींना नवा रंग. आमची लॉबी ३ मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब आहे. आत शिरलं की उजव्या भिंतीत मीटरचं कपाट, डाव्या भिंतीच्या मागच्या अर्ध्यात लिफ्ट, टोकाला जिना. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी मापांसकट लिहा.

केवणदोर
फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका, हे आधी. ती पत्र्याची पट्टी फक्त जिप्समचं वजन पेलायला असते. माटोळीचं वजन लोक फार कमी धरतात. सहा असोल्या नारळांची पेंड ९ किलोच्या आसपास, केळ्यांचा घड १२, सुपारीचं शिपटं ४, तवशीं, चिबूड, तोरिंगं, आंबाडे मिळून ८, आणि लाकडी चौकट ६. झाले ३९ किलो, तेही रोषणाईची माळ न धरता.

म्हणून चार पायांचा सुटा मांडव करा. पाया १२० बाय ९० सेंटीमीटर, उंची २२० सेंटीमीटर. लांब बाजू भिंतीला समांतर ठेवायची. दीड इंची बांबू चालतात, पण सांधे नुसत्या सुंभाने बांधले तर तो गुळगुळीत सालीवरून सरकतो. आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वरून सुंभ. मागच्या आणि दोन्ही कडांच्या बाजूंना एकेक तिरका बांबू हवाच. तो नसेल तर मांडव उभा राहील, पण एका कोपऱ्याला हात लावल्यावर सगळा डुलेल. ते डुलणं हीच परीक्षा: फळं बांधण्याआधी वरच्या आडव्या बांबूला हलका धक्का द्या, दोनपेक्षा जास्त हेलकावे आले तर तिरका कुठेतरी सैल आहे.

जमिनीपासून वीतभर उंचीवर चारही बाजूंनी आडवे बांबू बांधा आणि त्यांवर, मांडवाच्या आतल्या अंगाला, १५-१५ किलो वाळूच्या चार पिशव्या ठेवा. मखराच्या पडद्याआड त्या दिसत नाहीत आणि कुणाच्या पायातही येत नाहीत.

टांगताना नारळाची पेंड आणि केळ्यांचा घड समोरासमोरच्या कोपऱ्यांत, हलकी फळं मध्ये. केवणीचा ओला दोर सुकला की गाठ सैल पडते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीआधी जड गोष्टींच्या गाठी परत आवळाव्या लागतात.

पर्वरी बी विंग
जागा निवडताना लोक फक्त मखर कुठे मावेल ते बघतात. आरतीची माणसं कुठे उभी राहणार, हा खरा प्रश्न. ताई, तुमच्या लॉबीत लिफ्टसमोरची उजवी भिंत मोकळी दिसेल, पण तिथे बसवलं तर लिफ्टमधून उतरणारा थेट आरतीच्या गर्दीत येतो आणि जिन्याचं तोंडही बंद होतं. डाव्या भिंतीचा पुढचा अर्धा भाग घ्या. मांडव ९० सेंटीमीटर, भिंतीपासून ५ सेंटीमीटर सुटा. उरतात २ मीटर ५ सेंटीमीटर. त्यातली उजव्या भिंतीलगतची १२० सेंटीमीटरची पट्टी जिन्यापासून मुख्य दारापर्यंत सलग मोकळी ठेवा, मीटरचं कपाटही आपोआप त्यातच येतं. स्ट्रेचर त्याच वाटेने वळणार आहे. तिथे चपला नाहीत, खुर्च्या नाहीत, फुलांच्या टोपल्या नाहीत.

मांडवापुढे मग ८५ सेंटीमीटर राहतात, म्हणजे दोन रांगा. बाकीची मंडळी पोर्चमध्ये. हे आधी सांगितलं नाही तर पट्टी आरतीच्या पहिल्या मिनिटातच भरते. मुख्य दाराची दोन्ही झडपं पूर्ण उघडून अडकवून ठेवा.

मडगाव ३०२
एवढं कशाला? स्टँडची काय गरज? भिंतीवर मास्किंग टेप लावून माळा सोडा. मास्किंग टेपने रंग कधीच निघत नाही.

रंगारी, फोंडा
प्लास्टिक इमल्शन नीट सुकलेलं असेल आणि टेप दीड दिवसात काढणार असाल तर दादांचं खरं. पण बहुतेक लॉब्यांना डिस्टेंपर असतो. भिंतीवर कोरडा तळहात घासून बघा. हाताला पांढरी पूड आली तर तिथे कुठलीच टेप लावू नका, हुकही नाही. टेप रंगाला धरते, पण रंगच भिंतीला धरून नसतो.

दुसरं म्हणजे ओल. भाद्रपदात आपल्याकडे भिंत बाहेरून कोरडी आणि आतून दमट असते, विशेषतः जमिनीपासून कंबरेइतकी. तिथे इमल्शनसुद्धा पापुद्र्यासारखं सोलून येतं. जिन्याखालच्या कोपऱ्यात टेपचा चार बोटांचा तुकडा एक दिवस लावून ठेवा आणि मग काढून बघा. मागे रंगाचे ठिपके दिसले की उत्तर मिळालं. अकरा दिवस राहिलेली टेप काढताना हेअर ड्रायरने कोमट करायची आणि भिंतीला समांतर, स्वतःवर दुमडत हळू ओढायची. बाहेरच्या दिशेने खेचली की संपलं. फोमची दुहेरी टेप मात्र नकोच, ती पुट्टीसकट येते.

आणखी एक, केळीचा चीक. रंगावर आणि फरशीवर त्याचा काळपट डाग राहतो, धुऊन जात नाही. घड आदल्या दिवशी तोडून बाहेर निथळू द्या, मग देठाला प्लास्टिक गुंडाळून बांधा.

काणकोणची आजी
माटोळीत कांगलं, घागऱ्या आणि माट्टुळी हवीतच. हल्ली नुसती बाजारातली सफरचंदं लावतात. रानातलं थोडं तरी आणा रे.

केवणदोर
आजी, बरोबर आहे तुमचं, आणि लॉबीसाठी ते सोयीचंही आहे. रानवस्तू हलक्या असतात. त्या पुढच्या बाजूला लावल्या की माटोळी भरलेली दिसते आणि घड एकच पुरतो.

लिफ्टचं काम करणारा
लिफ्टच्या दाराच्या उंबऱ्यात जी खाच असते, तिच्यात झेंडूच्या पाकळ्या आणि रांगोळी गेली की दार शेवटच्या बोटभर अंतरावर अडतं. लॉक लागत नाही, म्हणून लिफ्ट जागची हलत नाही. लोकांना वाटतं मोटर गेली. रांगोळी उंबऱ्यापासून हातभर लांब काढा. खाच कोरड्या ब्रशने साफ करा, पाणी ओतू नका, ते खाली खड्ड्यात जातं.

तोरण दाराच्या उघड्या भागात लोंबता कामा नये. सेन्सरसमोर झुललं की दार मिटता मिटता परत उघडतं. चौकटीच्या वरच्या कडेला लोहचुंबकाचे हुक बसतात, पण काही स्टीलला चुंबक चिकटत नाही, आधी लावून बघा. बटणं आणि मजल्याचे आकडे मोकळे ठेवा. लिफ्टच्या आत काही टांगू नका, आतल्या पंख्याच्या जाळीला तर नाहीच.

पर्वरी बी विंग
दरवर्षी मांडव बांधण्यापेक्षा सीलिंग कापून स्लॅबमध्ये चार अँकर कायमचे बसवले तर? १० मिलिमीटरचे अँकर हे वजन सहज पेलतील.

रंगारी, फोंडा
चांगल्या काँक्रीटमध्ये पेलतील. पण समुद्राजवळच्या जुन्या इमारतींत आतल्या सळ्या गंजून स्लॅब फुगलेला असतो, आणि सीलिंगवरून वायर कुठून गेलीय ते कुणाला ठाऊक नसतं. इंजिनियरने बघितल्याशिवाय मी भोक पाडणार नाही.

पर्वरी बी विंग
बघून घेतलं तर हरकत नसावी. जमीन सगळी मोकळी राहते, हा फायदा मांडवात नाही.

केवणदोर
जमीन मोकळी राहिली तरी खाली मखर येणारच ना, बाब? मग पाया तेवढाच लागतो. मी मांडवच बांधेन.

ताळगावकरीण
डाव्या भिंतीचा पुढचा भाग मोजला, १८० सेंटीमीटर सलग मिळतात. तळहात घासला तर पूड आली, म्हणजे टेप रद्द. पण भिंतीत पोर्चच्या दिव्याचा स्विच आहे, तो मांडवाच्या मागे जाईल.

केवणदोर
मांडव लिफ्टच्या बाजूला सरकवून स्विच मोकळा होतो का बघा. मात्र लिफ्टच्या चौकटीपासून किमान ३० सेंटीमीटर सोडा. तेही जमत नसेल तर मागचा पडदा दोन भागांत शिवा, स्विचपाशी हात जाईल अशी फट ठेवून.