दोन महिन्यांत दहा किलो: स्थळाकडून अशी अट आली तर?

जाईजुई:
धाकट्या बहिणीचं जमत आलंय. पत्रिका, नोकऱ्या, घरची माणसं, सगळं दोन्हीकडून पसंत. दोघं दोनदा बाहेर भेटलीसुद्धा. परवा मध्यस्थ काकूंकडून निरोप आला, "मुलगी छानच आहे, फक्त साखरपुड्यापर्यंत दहाएक किलो उतरवायला सांगा, फोटोत बरं दिसेल." साखरपुडा दोन महिन्यांवर. बहीण २७ वर्षांची, उंची १५८ सेंमी, वजन ६४ किलो. पीसीओडी आहे, ते आम्ही आधीच सांगितलंय. आई म्हणते, करेल की, तिच्याच भल्याचं आहे. माझं मत, अशी अट आली की स्थळ तिथेच सोडावं. तुम्ही काय कराल?

रोखठोक:
मी सोडणार नाही. बाकी सगळं जुळलेलं स्थळ एका निरोपावर मोडायचं म्हणजे जरा अतिच झालं. लग्नाच्या बाजारात, हो, बाजारच म्हणतो, सगळेच सगळ्यांना मोजतात. माझ्या मुलाला तीन मुलींनी टक्कल बघून नकार दिला. त्यांच्या घरी जाऊन कोणी "टक्कलशेमिंग" म्हणून भांडलं नाही. उंची पाच-आठच हवी असं मुलीकडचे बायोडेटात छापतात तेव्हा ती आवड, आणि मुलाकडच्यांनी वजन काढलं की तो अपमान? आवड तोंडावर सांगितली हे उलट बरं. लग्नानंतर टोमणे ऐकण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही चांगलं.

पाटावरची मूठ:
बाबा, टक्कल आवडलं नाही म्हणून त्या मुलींनी नकार दिला ना? "दोन महिन्यांत केस उगवून या, मग साखरपुडा करू" असं तर कोणी सांगितलं नाही. नकार आणि अट यांत फरक आहे. नकारानं माणूस मोकळा होतो, अटीनं अडकतो.

रोखठोक:
केस उगवणं हातात नसतं, वजन असतं. म्हणून तर सांगतात.

मंडळातली मावशी:
मी वधूवर मंडळात बरीच वर्षं फॉर्म तपासते, त्यामुळे हा निरोप कसा तयार होतो ते सांगते. बायोडेटात "बांधा" असा एक रकाना असतो. त्यात खरं कोणी लिहीत नाही. सडपातळ म्हणजे सडपातळ किंवा मध्यम, मध्यम म्हणजे जाड, आणि "सुदृढ" लिहिलं की समोरचा पुढचं पान उलटतो. मग फोन येतो, "ताई, नुसता चेहरा दिसतोय, साडीतला उभा फोटो पाठवा ना." हा फोन मुलाच्या वडिलांचा कधीच नसतो, मुलाचाही क्वचितच. बहुतेक वेळा आई, आत्या किंवा नुकतंच लग्न झालेली बहीण. आणि नातेवाइकांत कोण काय बोलेल ही खरी धास्ती असते, सून कशी दिसेल ही नव्हे.

त्यामुळे स्थळ सोडण्याआधी एक गोष्ट करा. मध्यस्थाला बाजूला ठेवा. मुलीनं मुलाला स्वतः विचारावं, "दहा किलोंचा निरोप आलाय, तुला माहीत आहे?" उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघा. खरंच माहीत नसेल तर मुलगा घरी जाऊन विचारतो आणि एक-दोन दिवसांत स्वतः फोन करतो. माहीत असून गप्प असेल तर म्हणतो, "आई जरा तशीच आहे, तू मनावर घेऊ नकोस." हे दुसरं वाक्य मी फार ऐकलंय, आणि ते लग्नानंतरही तसंच्या तसं राहतं.

सुधाकर मामा:
यात घाबरण्यासारखं काही नाही. रात्रीचा भात बंद, साखर बंद, सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध आणि बारा सूर्यनमस्कार. आमच्या भाचीचे महिन्यात सात किलो उतरले. दहा सहज होतील. शुभेच्छा!

जाईजुई:
मामा, कसं उतरवायचं हे विचारलंच नव्हतं हो.

ओपीडी सुटल्यावर:
मामांच्या भाचीला जमलं ते गणितात बसतं का बघू. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, हा निरोप घेऊन आलेल्या मुली माझ्याकडे लग्नसराईच्या तोंडावर येतातच.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. साठ दिवसांत म्हणजे रोज जवळपास १३०० कॅलरींची तूट. या मुलीचा दिवसाचा खर्च, बैठी नोकरी धरून, १८०० ते १९०० असेल. उरल्या पाचसहाशे. म्हणजे दिवसभरात चार-पाच पोळ्या आणि बाकी काही नाही, भाजीसुद्धा नाही. महिन्यात सात किलो उतरले असं दिसतं तेव्हा त्यात पाणी असतं, स्नायूही असतो, आणि ते परत येतं.

अशा उपासमारीनं काय होतं तेही ठरलेलं आहे. पाळी आणखी लांबते, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि केस गळतात. ते लगेच नाही गळत, दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात. हिशोब केलात तर बरोबर साखरपुडा ते लग्न या काळात. फोटोसाठी केलेला खटाटोप फोटोतच दिसतो.

आता आई म्हणतात ते भल्याचं. पीसीओडीत वजन थोडं कमी झालं तर पाळी सुधारते हे खरं आहे. पण थोडं म्हणजे पाच ते दहा टक्के. पाच टक्के म्हणजे हिच्या बाबतीत तीन किलोंच्या आसपास. आठवड्याला अर्ध्या किलोच्या बेतानं दोन महिन्यांत चार किलो होतील, तेही सगळं नीट जमलं तर. पीसीओडीत ते बऱ्याचदा जड जातं, आणि तो मुलीचा आळस नसतो.

रोखठोक:
म्हणजे डॉक्टर, वजन जास्त आहे हे तुम्हीही मान्य करताय. मग मुलाकडचे चूक कुठे बोलले?

ओपीडी सुटल्यावर:
आकडा लपवणार नाही. १५८ सेंमीला ६४ किलो म्हणजे बीएमआय २५.६. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन धरतात आणि २५ च्या वर स्थूलता. तेव्हा तिनं स्वतःसाठी, स्वतःच्या डॉक्टरांबरोबर विचार करावा. पण "आरोग्यासाठी म्हणतो" हे मुलाकडच्यांचं म्हणणं मला पटत नाही, कारण आरोग्य डोळ्यांनी मोजता येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक उदाहरण आमच्यात प्रसिद्ध आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघंही शिडशिडीत. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसात मधुमेह सापडतो तो यामुळेच. ज्याचा बायोडेटा "सडपातळ" म्हणतो त्या मुलाच्या पोटाचा घेर कोणी मोजला का? पुरुषांत ९० सेंमीच्या वर गेला की काळजीचं.

आरोग्याचीच चाड असेल तर दोघांनी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करावी. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता पंचवीस टक्के. साधी तपासणी आहे. वजनाचा निरोप घेऊन आलेल्या कुटुंबांपैकी ही तपासणी कोणी आपणहून मागितली असं मला आठवत नाही.

वाळका बोंबील:
सगळी चर्चा जाडीवर चाललीय म्हणून दुसऱ्या टोकाचं लिहितो. मी १७२ सेंमी, तेव्हा ५२ किलो. बघायला गेलो की आजी विचारायच्या, "याला काही आजार आहे का?" एका ठिकाणी मुलीच्या काकांनी मनगट धरून बघितलं, हसत हसत, सगळ्यांसमोर. आमच्या बाबांनी मग जाहीर केलं की साठ झाल्याशिवाय पुढचं स्थळ बघायचं नाही.

जिममधल्या एकानं डब्यावर नाव नसलेली पावडर दिली. भूक वाढली, गाल भरले, सगळे खूश. "बघ, अंगाला लागलं." महिनाभरानं चेहरा नुसता गोल झाला, पोटावर जांभळे पट्टे उमटले, हातपाय मात्र तसेच काड्या. घाबरून बंद केली तर उलट्या, चक्कर, उठवेना. डॉक्टर म्हणाले त्यात बहुतेक स्टेरॉइड होतं. मग तेच औषध चिठ्ठीवर देऊन हळूहळू कमी करत आणलं. मुलांना हे बोलायची सोयच नसते, "पुरुषासारखा पुरुष, वजनाचं काय रडतोस."

लग्न झालं. ५५ किलोवर झालं.

ओपीडी सुटल्यावर:
बोंबील, हे सविस्तर लिहिलंत ते बरं केलं. चेहरा गोल आणि हातपाय बारीक, वर जांभळे पट्टे, हे दिसलं की पावडर एकदम बंद करायची नाही, डबा घेऊन डॉक्टरांकडे जायचं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो.

पाटावरची मूठ:
गंमत बघा, जाडीसाठी मुलीला "कमी कर" आणि बारीक मुलीला "लग्नानंतर भरेल." माझी नणंद ४३ किलोची होती, तिला हेच ऐकवलं. बाळंतपणानंतर भरली, आता "सुटलीस हो" चालू आहे. मधला कुठलाच आकडा कोणाला चालत नाही.

मंडळातली मावशी:
रंगाचं पण असंच होतं. २०२० मध्ये शादी डॉट कॉमनं लोकांच्या रेट्यामुळे वर्णाची चाळणी काढली. तरी आमच्याकडे फोनवर "गोरी आहे ना?" विचारणं थांबलं नाही. त्यामुळे बांध्याचा रकाना काढा असं मी मंडळात सुचवलं तेव्हा माझ्याच सहकारी म्हणाल्या, रकाना काढला तर लोक फोन करून विचारतील, आपलंच काम वाढेल. त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही. रकाना अजून आहे.

रोखठोक:
मला अजूनही वाटतं की एका निरोपावर स्थळ सोडणं घाईचं आहे. पण मुलीनं मुलाशी थेट बोलावं हे मान्य. आणि थॅलेसेमियाचं मी आमच्या धाकट्यासाठी विचारणार आहे, त्याला बघणं सुरू झालंय.

जाईजुई:
अपडेट देते. बहिणीनं काल रात्री त्याला फोन केला. निरोप त्याला माहीत नव्हता म्हणाला. आज दुपारी त्याच्या आईचा आमच्या आईला फोन, "आम्ही सहज म्हटलं हो, तुम्ही फार मनाला लावून घेतलंत." त्याचा स्वतःचा फोन अजून आलेला नाही. आई म्हणते मिटलं. बहीण म्हणते, थॅलेसेमियाची तपासणी दोघांनी करायची असं मी त्याला सुचवते आणि काय म्हणतो बघते.

सुधाकर मामा:
तपासणी उपाशीपोटी करायची असते का?

ओपीडी सुटल्यावर:
नाही मामा. जेवून गेलं तरी चालतं.