किण्वन ‘संपतं’, ‘थांबतं’ की ‘खुंटतं’?

रेघोट्या: एका विज्ञानविषयक पुस्तकाचा अनुवाद करते आहे. माझं वाक्य असं होतं: ‘मद्यार्काचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की किण्वन संपतं.’ संपादकांनी ‘संपतं’भोवती गोल काढून समासात लिहिलंय, ‘साखर शिल्लक आहे ना? मग संपलं कसं?’ त्यांचं बरोबर वाटतंय, पण मग क्रियापद कोणतं घ्यावं? आणि ‘किण्वन’ऐवजी सरळ ‘आंबणं’ चालेल का? वाचक शाळकरी नाहीत, पण विज्ञानाचेही नाहीत.

दुपारचा_चहा: ‘मरतं’ लिहा की. १४ टक्के अल्कोहोल झालं की यीस्ट मरतं. आपल्याच विष्ठेत बुडून मरतं असं आमचे सर सांगायचे, ते अजून लक्षात आहे.

पोथीवाचक: ‘किण्वन’ अवघड वाटला तरी सोडू नका, शब्द फार जुना आहे. ‘किण्व’ म्हणजे मद्य तयार करताना घालायचं बीजद्रव्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तो येतो. चार्वाकांचा प्रसिद्ध दृष्टान्तही त्याच्यावरच आहे: किण्वादी द्रव्यांतून जशी मदशक्ती उपजते, तसं भूतांतून चैतन्य. ‘आंबणं’मध्ये मात्र आंबटपणा आहे, आणि यीस्टचं मुख्य काम आंबट करणं हे नाही.

तळाचा_गाळ: पोथीवाचकांशी सहमत. मी एका वायनरीत बावीस वर्षं टाक्या सांभाळल्या. आमच्याकडे कुणी ‘टाकी आंबली’ म्हणालं तर सगळे धावत सुटायचे, कारण त्याचा अर्थ हवा शिरून जिवाणूंनी मद्यार्काचं व्हिनेगर करायला घेतलंय. यीस्टचं काम नीट चालू असेल तर टाकी ‘फसफसते आहे’ म्हणायचे.

आता ‘मरतं’बद्दल. सरांचं वाक्य झकास आहे, पण अर्धंच खरं. १४ हा आकडा सगळ्या यीस्टना लागू नाही. पावाचं यीस्ट त्याच्या बरंच आधी दमतं, वाइनसाठी निवडलेली काही वाणं १५-१६ पर्यंत जातात, आणि साकेसारख्या पद्धतीत, जिथे तांदळातल्या स्टार्चपासून साखर हळूहळू सुटत राहते, तिथे २० च्या आसपासही पोचतात. दुसरं म्हणजे, काम थांबणं आणि मरणं यांत बरंच अंतर असतं. थांबलेल्या टाकीतल्या पेशी लगेच काढून साध्या, पातळ साखरपाण्यात टाकल्या तर त्यांतल्या कित्येक पुन्हा कामाला लागतात. तशाच ठेवल्या तर मात्र हळूहळू मरतात.

पाऊणशे: पण मग व्हिस्की ४२ टक्के कशी होते? तिथलं यीस्ट वेगळं असतं का?

तळाचा_गाळ: नाही. तिथेही यीस्ट आपल्या मर्यादेच्या आतच थांबतं, पुढचं काम ऊर्ध्वपातनाचं. मूळ प्रश्न तो नाहीये.

रेघोट्या: पण थांबतं कशामुळे, हे कळल्याशिवाय क्रियापद सुचणार नाही. अल्कोहोल यीस्टला नेमकं करतं काय?

तळाचा_गाळ: आधी ते बनवतं कशाला, ते पाहू. यीस्टला अल्कोहोल हवंच नसतं. ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे करताना त्याला थोडी ऊर्जा मिळते, पण त्या कामात एनएडी नावाचा मदतनीस रेणू हायड्रोजन घेऊन अडकून पडतो. तो मोकळा झाला नाही तर पुढची साखर फोडता येत नाही. म्हणून यीस्ट त्या तुकड्यांमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि जे उरतं त्याच्या गळ्यात हा हायड्रोजन मारतं. त्याचं झालं इथेनॉल, आणि एनएडी रिकामा होऊन परत कामावर. १८० ग्रॅम ग्लुकोजचे हिशेबाने ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायू होतात. जवळजवळ निम्मी साखर बुडबुडे होऊन उडून जाते!

आता इथेनॉलचा रेणू लहान आणि अर्धा तेलकट स्वभावाचा. तो पेशीच्या पातळ पटलात शिरतो आणि पटल गळकं होतं. बाहेरचा द्रव आम्लधर्मी असतो, त्यातले हायड्रोजन आयन आत झिरपायला लागतात. पेशी ते उपसून बाहेर टाकत राहते आणि मिळालेली ऊर्जा त्या उपशातच खर्च होते. भरीला साखर आत घेणारी प्रथिनं मंदावतात. म्हणजे बाहेर साखर भरपूर, पण दाराशी आलेली आत येत नाही.

दुपारचा_चहा: म्हणजे होडीला भोक पडलंय आणि वल्ही मारणारेच पाणी उपसतायत. ‘मरतं’ मागे घेतो.

चिकट_बरणी: माझंही असंच झालं असावं. मुलीच्या प्रकल्पासाठी एक लिटर पाण्यात अर्धा किलो साखर आणि पावाचं यीस्ट घालून वर फुगा लावला होता. तीन दिवसांत फुगा ढिम्म. म्हणजे अल्कोहोलच जास्त झालं ना?

तळाचा_गाळ: ताई, तुमच्या बरणीत तेवढं अल्कोहोल झालंच नसणार. इतक्या दाट पाकात पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जातं. शिवाय नुसत्या साखरेत नायट्रोजन नाही, मग नवी प्रथिनं बनणार कशातून? ही अकाली अडकलेली बरणी. रेघोट्यांना हवी आहे ती वेगळी.

त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खाल्ली गेली की आकारमानाने १ टक्का मद्यार्क होतो. रसात २०० ग्रॅम असेल तर सगळी साखर खाऊन जेमतेम १२ टक्के होतील. तिथे खाणंच संपलं, तिथे ‘संपतं’ चालेल. द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवणारा हायड्रोमीटर १.००० च्या खाली जातो, कारण मद्यार्क पाण्याहून हलका. आता ३०० ग्रॅम घ्या. सगळी खाल्ली तर साडेसतरा टक्के होतील, पण वाण १४ चं आहे. २३८ ग्रॅम खाऊन ते बसतं, ६२ ग्रॅम तशीच उरते. बुडबुडे दोन्हीकडे बंद होतात, म्हणून नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. दुसरीकडे हायड्रोमीटर १.०१० च्या वर रुतून बसतो आणि दोन-तीन दिवस हलत नाही.

रेघोट्या: मग नवीन यीस्ट टाकलं तर?

तळाचा_गाळ: थेट १४ टक्क्यांत टाकलं तर ते सुरूच होत नाही. पटल घट्ट ठेवायला पेशीला स्टेरॉल लागतात आणि ते बनवायला ऑक्सिजन. टाकीत तो सुरुवातीलाच संपतो. मग प्रत्येक विभाजनात आहे तेवढंच स्टेरॉल दोन पेशींत वाटलं जातं, म्हणून शेवटच्या पिढ्या सगळ्यात अशक्त आणि नेमक्या त्यांच्याच वाट्याला सगळ्यात जास्त अल्कोहोल. टिकाऊ वाणाच्या यीस्टला बाहेर हवा-पाणी देऊन, टाकीतला द्रव थोडाथोडा पाजून सरावलं, तर कधीकधी जमतं. माझ्या हातून निम्म्याहून जास्त वेळा फसलंय.

पोथीवाचक: मग ‘खुंटतं’ घ्या. वाढ खुंटते तेव्हा जीव असतो, अन्नही असू शकतं, पण पुढे सरकत नाही. ‘थांबतं’मध्ये आपणहून थांबल्याचा भास होतो.

दुपारचा_चहा: ‘खुंटतं’ ऐकून मला उंची आठवते. ‘थंडावतं’ कसं?

तळाचा_गाळ: थंडावणं नको. टाकी खरोखर थंड करूनही किण्वन थांबवतात, घोटाळा होईल. आम्ही कामावर ‘तटली’ म्हणायचो. पण अडकलेल्या बरणीलाही तेच म्हणायचो, म्हणून तुमच्या पुस्तकात नको.

रेघोट्या: संपादकांना ‘साखर उरलेली असूनही किण्वन खुंटतं’ असं पाठवते आहे. ‘आंबणं’ काढून टाकलं. ‘मर्यादा’ला अजून नीट शब्द नाही सापडलेला. ‘मद्यसहिष्णुता’ लिहिलं तर वाचकाला माणसाची वाटेल.

पाऊणशे: ती माझी वाटेल.