अनुभव धागा: बायकोला लिहिलेलं 'मी दुरावलो होतो' हे पत्र

ट्रंकवाला
काल माळ्यावरची ट्रंक उतरवली. तळाशी निळी अंतर्देशीय पत्रं निघाली आणि घरातली माणसं एकेकाळी एकमेकांना लिहायची हे आठवलं. त्याच आठवड्यात ओळखीतल्या एका गृहस्थांनी बायकोला लिहिलेला मसुदा दाखवला. नवी पेठेत दुकान, घर जुळे सोलापुरात, लग्नाला १४ वर्षं. दोन वर्षं नुसतं "जेवण वाढ" आणि "लाईट बिल भरलं" एवढंच बोलणं. त्यांना विचारून, ओळख पुसून देतोय:

"गेली दोन वर्षं धंद्याच्या ताणामुळे तुझ्याकडे लक्ष देता आलं नाही. माझं काही चुकलं असेल तर माफ कर. पण तूही कधी समजून घेतलं नाहीस. यापुढे वेळ देत जाईन."

अशी पत्रं लिहिलेल्यांनी, वाचलेल्यांनी, लिहायला मदत केलेल्यांनी सांगा, यात काय बदलावं?

कडकभाकरी
"पण" च्या आधीचं सगळं पुसलं गेलं की. बाई तिथंच कागद घडी घालून ठेवणार.

समुपदेशक_सातरस्ता
मसुद्यात तीन जागा अडतात. "लक्ष देता आलं नाही" यात लक्ष न देणारा माणूसच नाही, दोष ताणावर गेला. "मी लक्ष दिलं नाही" असं लिहायचं. "चुकलं असेल तर" म्हणजे चुकलं की नाही ते तिनेच ठरवायचं. "तर" काढा. आणि "वेळ देत जाईन" हे मोजता येत नाही, म्हणून पाळलं की नाही हेही कळत नाही.

आपल्याकडे पत्राचा सगळा जोर "माफ कर" वर असतो. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग सुटे करून तपासले होते. लोकांना सगळ्यात जास्त पटलं "चूक माझी आहे" हे, त्याखालोखाल "मी हे भरून काढतो". सगळ्यात हलकं ठरलं ते "मला क्षमा कर". पत्रातही तसंच होतं. माफी मागितली की तिच्यावर उत्तराचं ओझं येतं.

ट्रंकवाला
मग ताणाबद्दल लिहायचंच नाही?

समुपदेशक_सातरस्ता
लिहा, पण शेवटाकडे, एका वाक्यात. आधी तिला काय सोसावं लागलं ते, तेही प्रसंगाने. दोन-तीन पुरेत. दहा लिहिले की यादी होते आणि ती राहिलेला अकरावा शोधते.

पाणीपाळी
जुळे सोलापूर ना? मग प्रसंग समोरच आहे. चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही अवेळी. कोण उठतं, मोटर कोण लावतं, पिंप कोण भरतं? तेच लिहा म्हणावं.

गड्डा_यात्रा
आमच्याकडे या वेळी सहाव्या दिवशी आलं 😔

पाणीपाळी
विडी घरकुलकडे का?

गड्डा_यात्रा
नाही, विजापूर रोड. असो, धागा भरकटतोय.

ट्रंकवाला
त्यांच्याशी बोललो. आता असं झालंय:

"पाणी येतं तेव्हा रात्री दोनला तू उठतेस. मला जाग येते आणि मी कूस बदलतो. हे मी दोन वर्षं केलं. तू दिवसभरातलं सांगायला लागलीस की मी फोन हातात घ्यायचो, मग तू सांगणं बंद केलंस. ते बंद झालेलं मला कळलं होतं. धंदा बसला याची लाज वाटत होती, ती तुझ्यापासून लपवत राहिलो. पुढच्या चार पाळ्यांचं पाणी मी भरतो. गुरुवारी जेवण झाल्यावर सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारू, तुला यावंसं वाटलं तर. उत्तर लिहायची गरज नाही."

कडकभाकरी
"ते बंद झालेलं मला कळलं होतं" हे वाक्य हलवू नका. आख्खं पत्र त्यावर उभं आहे.

वकिलीण_बाई
एक सावध सूचना. असं लेखी कबूल करून देऊ नये. उद्या वाद झाला तर कोर्टात हाच कागद येतो.

निवृत्त_कारकून
नवरा-बायकोतलं बोलणं, पत्रं कायद्याने गोपनीय असतात ना? कोर्टात चालत नाहीत.

वकिलीण_बाई
अर्धं बरोबर. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२८, पूर्वीचं १२२, ते संरक्षण देतं. पण दावा त्या दोघांतच असेल तर ते लागू नाही. घटस्फोटाची केस चालू असेल तर आधी वकिलाला दाखवा. इथे तसं काही नाही, मग माझी हरकत नाही.

पूर्वभाग_९
आमच्या भागात वेगळी अडचण. घरी तेलुगू, शाळा मराठी. माणसं पत्र लिहिताना छापील मराठी लिहितात आणि बायकोला बँकेचं पत्र वाटतं. ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत लिहा. तेलुगू लिपी येत नसेल तर देवनागरीत लिहा, चालतं. वर "प्रिय पत्नी" नको, घरात जी हाक मारता तीच.

अक्कलकोटकर
माझी बायको महिना झाला माहेरी आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवलं तर हातात नक्की पडेल ना?

निवृत्त_कारकून
रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं. पण तेही नका करू. पोस्टमन सही मागतो, माहेरच्यांना नोटीस आल्यासारखं वाटतं, चारजण फोडून वाचतात. अंतर्देशीयही सहज उघडतं. हातात द्या.

समुपदेशक_सातरस्ता
अक्कलकोटकर, ती रागाने गेली असेल तर आधी फोन करून "एक पत्र देऊ का" असं विचारा. आणि घरात मारहाण किंवा दारू हे कारण असेल तर पत्राने काही होत नाही. ते थांबवल्याशिवाय लिहिलेलं पत्र तिला परत बोलावण्याची युक्ती ठरतं.

अक्कलकोटकर
मारहाण नाही. अबोला आहे. विचारतो.

शेंगाचटणी
व्हॉट्सॲपवर चालेल का? हल्ली लिहितंय कोण.

कडकभाकरी
निळ्या टिका दिसल्या की तुम्ही दर पाच मिनिटांनी फोन बघणार. कागद तिला हवा तेव्हा वाचता येतो, परत काढता येतो. एक पान, दोन्ही बाजू नको.

ट्रंकवाला
एक गोष्ट अडली आहे. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते गेले नव्हते, दुकान आहे म्हणाले होते. त्या दिवशी दुकान बंद होतं. तिला माहीत नाही. लिहावं का?

समुपदेशक_सातरस्ता
लिहू नये. तिला नवीन दुखणं कागदावर एकटीला वाचायला लावू नका. गुरुवारी तलावावर, समोर बसून सांगा.

कडकभाकरी
मला पटत नाही. पत्रातून लपवलं आणि गुरुवारी सांगितलं, तर ती म्हणेल पत्रातही अर्धंच खरं होतं.

पूर्वभाग_९
दुकान बंद होतं हे शेजारचा दुकानदार कधीतरी बोलून जाईल, हेही धरा.

ट्रंकवाला
दोन्ही त्यांना पाठवतो, ठरवतील. लिफाफा तिच्या कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवणार आहेत, मुलांच्या हाती लागत नाही. आज रात्री ठेवू म्हणतात.

पाणीपाळी
आज नको. तिकडे उद्या पहाटे पाणी आहे. दमलेली असताना वाचेल, आणि ते नेमके उठले नाहीत तर पत्र पहिल्याच दिवशी खोटं. आधी उद्याचं पाणी त्यांना भरू दे, न सांगता. मग ठेवा.

ट्रंकवाला
फोन करतो त्यांना. गजर दीडचा लावायला सांगतो.