सेल्फ नुसता 'टक' करतोय: आधी हेडलाइट लावा

"बॅटरी चांगली आहे, तरी ट्रॅक्टरचा सेल्फ एकदाच टक करून गप्प. सोलेनॉइड बदलू का?"

भाऊ, थांबा जरा. हेडलाइट लावून चावी फिरवा. टक होऊनही उजेड तसाच राहिला, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळाल्याचा संशय घ्या. उजेड एकदम मेला, तर मोटर जाम किंवा केबल ढिली.

आमच्या जालन्याकडं माझ्या ट्रॅक्टरचा उजेड मेला, मिस्त्री लगेच मोटर जाम म्हणून मोकळा! मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी सेल्फच्या बॉडीला धरून पोराला चावी फिरवायला लावली. ७ व्होल्ट! अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजेत. अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज होता. घासून आवळला, सेल्फ फिरला. पॉझिटिव्ह केबलही तशीच, पण पिना तिच्या दोन टोकांना धरून तपासा. दोन्हीकडं अर्ध्या व्होल्टच्या आत आले, तरच सेल्फ खोला.