मदत हवी आहे: बटण दाबलं एका भावाला, ट्रेड झाला भलत्याच भावाला

लेस्टरकर
मंडळी, इथे कोणी करन्सी ट्रेडिंग करतं का? मी यूकेत असतो, इथल्याच रेग्युलेटेड ब्रोकरकडे छोटं अकाउंट आहे आणि युरो-डॉलर सोडून कशात हात घालत नाही. परवा शुक्रवारी दुपारी दीडला अमेरिकेचे नोकऱ्यांचे आकडे आले, लगेच बाय दाबलं, बटणावर १.०८४१२ स्वच्छ दिसत होतं आणि हिस्ट्रीत बघतो तर १.०८४७५! ६.३ पिप्स, अर्धा लॉट, म्हणजे ३१.५० डॉलर नुसते आत शिरतानाच गेले. आधीच्या ब्रोकरकडे असं व्हायचं नाही, तिथे रिकोटची खिडकी यायची, ओके म्हणेपर्यंत परत दुसरी खिडकी, तीन-चारदा तेच आणि तोवर मूव्ह संपलेली. त्याला वैतागूनच इकडे आलो. हे फसवतायत का?

तात्पुरता
शंभर टक्के. ब्रोकरच समोर बसलेला असतो, तुझा तोटा तो त्याचा नफा. ईसीएन अकाउंट घे, स्लिपेज कायमचं बंद.

सुमेधा_पुणे
माझंही अगदी हेच झालंय, रात्री उशिरा सेल होता, चार्ट माझ्या स्टॉपलॉसला शिवलासुद्धा नाही तरी कापला!! कुठे तक्रार करायची?

चष्मिष
सुमेधाताई, तुमचं स्लिपेज नाही, स्प्रेड आहे. चार्ट सहसा बिड दाखवतो आणि सेलचा स्टॉप आस्कवर उडतो. भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्क बंद होताना स्प्रेड फुगतो. चार्टवर आस्क लाइन चालू करा म्हणजे दिसेल. आणि पुण्यात बसून परदेशी अॅपवर करत असाल तर आधी रिझर्व्ह बँकेची अलर्ट लिस्ट बघा, तक्रार करायला गेलात तर तुम्हालाच फेमाचे प्रश्न विचारतील.

आता लेस्टरकर. दोन्ही ब्रोकरांकडे एकच गोष्ट झाली, फक्त चेहरा वेगळा. पहिल्याकडे इन्स्टंट एक्झिक्यूशन होतं, म्हणजे तू "१.०८४१२ लाच दे" म्हणतोस, भाव तेवढ्यात सरकला की तो विचारतो नवीन भावाला घेतोस का, तू विचार करेपर्यंत तो परत सरकतो. तिथे ऑर्डरच्या खिडकीत डेव्हिएशनचा रकाना असतो, त्यात २० पॉइंट टाकले की २ पिप्सपर्यंत न विचारता चालतं, त्यापुढे रिकोट. आताचं मार्केट एक्झिक्यूशन आहे, तिथे तू म्हणतोस "असेल त्या भावाला दे". रिकोट येणारच नाही, पण बटणावरचा आकडा म्हणजे नुसती बातमी, वचन नव्हे.

अर्धा लॉट म्हणजे ५० हजार युरो, बाजाराला ही चिल्लर आहे, त्यामुळे साइझनं भाव ढकलला असं नाही. वेळ गेला. आकडे यायच्या आसपास बँका आपले कोट काढून घेतात, तुझी ऑर्डर पोचेपर्यंत ४१२ वाला विकणारा उठून गेलेला असतो. एमटी५ असेल तर जर्नलमध्ये त्या ऑर्डरपुढे `done in` आणि मिलिसेकंद लिहिलेले असतात ते बघ.

तात्पुरता, काही ब्रोकर समोर बसतात हे खरं, पण ईसीएनवरही बातमीच्या वेळी स्लिपेज होतंच. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरो-फ्रँकचा १.२० चा आधार काढला तेव्हा १.२० च्या जरा खाली स्टॉप लावलेल्यांचे सौदे कितीतरी खाली निघाले, मध्ये घेणारंच कोणी नव्हतं. स्टॉप उडला की त्याची मार्केट ऑर्डर होते, बस.

तात्पुरता
मग चोर ब्रोकर ओळखायचा कसा?

चष्मिष
स्लिपेज दोन्ही बाजूंना होतं का ते बघून. शांत वेळेतल्या पन्नासेक ऑर्डर काढायच्या, मागितलेला भाव आणि मिळालेला भाव शेजारी लिहायचा. तुझ्या विरुद्ध सरकला की तुझ्या माथी आणि तुझ्या बाजूने सरकला की नेमका क्लिकचाच भाव, असं दिसलं तर फायदा मधल्या मधे कोणीतरी खातंय.

लेस्टरकर
बघितलं. त्या ऑर्डरला ६४० मिलिसेकंद, एरवी ८०-९०. जुन्या २२ ऑर्डरमध्ये ९ वाईट, ३ चांगल्या, बाकी तंतोतंत. हे संशयास्पद का?

चष्मिष
त्या ९ पैकी बातमीच्या वेळच्या किती? त्या वेगळ्या काढ, मग बोलू. २२ वर मी तरी कुणाला चोर म्हणणार नाही, ३ चांगल्या आहेत म्हणजे निदान दार एकाच बाजूला उघडत नाही.
बातमीवर घुसायचंच असेल तर एमटी५ मध्ये `Buy Stop Limit` लाव, ठरवलेल्या लिमिटच्या वर भरणार नाही. मात्र परवासारख्या दिवशी बहुतेक भरणारच नाही, गाडी तुला न घेता जाईल.

लेस्टरकर
९ पैकी ५ बातमीच्या. उरलेल्या चारांत दोन सोमवारी बाजार उघडतानाच्या निघाल्या, त्या शांत वेळेत धरायच्या की नाही?

सुमेधा_पुणे
आस्क लाइन सापडली, खरंच शिवला होता 🙈 पण अलर्ट लिस्टमध्ये माझ्या अॅपचं नाव नाही, मग चालेल ना?

चष्मिष
नाही ताई. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नसतं, रिझर्व्ह बँकेने स्वतःच तसं सांगितलंय. लेस्टरकर, सोमवारच्या काढून टाक.