मदत हवी आहे: 9×9 गो, पहिली खेळी मध्यात केल्यावर पुढचे दगड कुठे ठेवू?

आडवाउभा

नमस्कार. गोचे नियम येतात: श्वास मोजणं, अतारी, को, दोन डोळे. सध्या फक्त 9×9 वर खेळतो. दगड अंगाला भिडले की निदान काय चाललंय ते कळतं. पण सुरुवातीच्या चार-पाच खेळ्या मी अंदाजाने करतो आणि डाव तिथेच हातचा जातो.

काळ्याने खेळताना मी नेहमी E5 ने, म्हणजे बरोब्बर मध्यात सुरुवात करतो. कालचा डाव देतो. आमच्याकडे कोमी 7 आहे, आणि आपले दगड व आपण वेढलेल्या जागा दोन्ही मोजतो. खेळ्या क्रमाने अशा: काळा E5, पांढरा C4, काळा E3, पांढरा D7, काळा E7. इथपर्यंत मी खूश होतो, कारण माझं कुंपण E च्या रेघेवर वरपासून खालपर्यंत उभं राहिलंय असं वाटत होतं. मग पांढऱ्याने E4 ला दगड ठेवला. X म्हणजे मी:

```
  A B C D E F G H J
9 . . . . . . . . .
8 . . . . . . . . .
7 . . . O X . . . .
6 . . . . . . . . .
5 . . . . X . . . .
4 . . O . O . . . .
3 . . . . X . . . .
2 . . . . . . . . .
1 . . . . . . . . .
```

मी F4 ने अतारी दिली, त्याने D4 ने जोडलं. मी F5 भरलं, त्याने F3 ला कापलं. E3 वाचवायला मी E2 खेळलो, तर त्याने G4 ला दगड टाकला. शेवटी त्याचे दगड खालच्या उजव्या कोपऱ्यात जगले आणि माझे E2-E3 मेले. माझं चुकलं कुठे? E5 च चुकीची, की त्यानंतरचं काही?

प्यादं

E5 चुकीची. गोमध्ये आधी कोपरा, मग कडा, मग मध्य. कोपऱ्यात दोन बाजूंना पटाची कड आपलं काम करते, त्यामुळे कमी दगडांत जास्त जागा मिळते. तुम्ही G3 किंवा G7 ने सुरुवात करा. एक घर सोडून मारलेली उडी तर तुटतच नाही, त्यामुळे E3-E5 मध्ये दोष नाही. तुम्ही नंतर घाबरलात.

सांजवेळ

माझा प्रश्नही असाच आहे म्हणून इथेच विचारते. मी भाचीला शिकवतेय. आम्ही "जो आधी एक दगड मारेल तो जिंकला" असं खेळतो. ती पहिला दगड नेहमी माझ्या दगडाला चिकटूनच ठेवते. तिला आत्ताच सुरुवातीच्या खेळ्या शिकवाव्यात का?

निवांत

सांजवेळ, तुमच्या खेळात जागा मोजतच नाहीत, त्यामुळे सुरुवातीची खेळी हा प्रश्नच तिथे येत नाही. ती चिकटून खेळतेय तर खेळू दे. कोणता दगड कापता येतो याची नजर त्यातूनच बसते, आणि खाली मी जे लिहितोय त्याला तीच नजर लागते.

आडवाउभा, E5 ला दोष देऊ नका. प्यादं यांनी सांगितलेला क्रम 19×19 साठी खरा आहे, कारण तिथे एका कोपऱ्यातल्या दगडाचा दुसऱ्या कोपऱ्याशी लवकर संबंध येत नाही. 9×9 वर मधला दगड चारही कोपऱ्यांच्या भांडणात पहिल्यापासून हजर असतो. कोपऱ्याजवळ सुरुवात करूनही चांगले डाव होतात, पण तुमचा डाव त्यामुळे गेला नाही.

आधी तुमच्या कुंपणाची किंमत बघू. समजा E ची अख्खी उभी रेघ काळ्याची झाली. मग E पासून J पर्यंत पाच रेघा तुमच्या, म्हणजे 45 जागा. A ते D पांढऱ्याच्या, 36. फरक 9, त्यातून कोमी 7 वजा केली की तुम्ही 2 ने जिंकता. त्याच रेघेतली एकच जागा पांढऱ्याकडे गेली तर 44 आणि 37, फरक 7, डाव बरोबरीत. दोन गेल्या तर तुम्ही हरलात. म्हणजे मधली रेघ धरली तर E च्या पलीकडे हात मारायची गरज नाही. पण ती रेघ कुठेही फुटून चालत नाही.

आता उडीबद्दल. "एक घर सोडून उडी तुटत नाही" हे अर्धंच खरं आहे. पांढऱ्याने E4 ला पाचर मारली, तुम्ही F4 ने अतारी दिली, त्याने D4 ने जोडलं. या क्षणी तुमचा F4 हा E3 ला आणि E5 ला फक्त तिरका लागून आहे. कापायच्या जागा दोन, F3 आणि F5, आणि भरायला तुमच्या हातात खेळी एक. उडी टिकते ती दोन्ही काप भरता येतात म्हणून नव्हे. उरलेल्या जागी कापणारा दगड लगेच धरता आला तरच ती टिकते.

हे नीट दिसावं म्हणून त्याच पटावर G3 ला एक काळा दगड आहे असं धरा. पाचर, अतारी, जोड, मग तुम्ही F5 भरता. आता त्याने F3 ला कापलं तर त्या दगडाच्या चार बाजूंपैकी E3, F4, G3 तिन्ही तुमच्या. त्याला फक्त F2 हा श्वास उरतो. तुम्ही F2 खेळलात की दगड उचलला. G3 नसताना त्याच F3 ला F2 आणि G3 असे दोन श्वास होते, आणि तेवढ्यात तो निसटला. वरच्या E5-E7 उडीचंही असंच, तिथे हे काम G7 करतो.

म्हणजे प्यादं यांचे G3, G7 उपयोगाचे आहेत, पण कोपऱ्याच्या जागेसाठी नाही. ते कुंपणाला मागून दिलेला टेकू आहेत.

आडवाउभा

हे पहिल्यांदाच असं दिसलं. मी आत्तापर्यंत किती जागा वेढली एवढंच बघायचो. पण मग D7 आल्यावर मी E7 ऐवजी G3 खेळायला हवं होतं का? तेवढ्यात तो वरून E7 ला येऊन माझा अर्धा पट खाईल.

निवांत

नाही, तिथे G3 हळू पडेल, तुमची शंका बरोबर आहे. मी D4 खेळलो असतो, त्याच्या C4 ला चिकटून. मग E3, D4, E5 हे तीन दगड E4 भोवती बसतात. त्याने तिथे पाचर मारली तर तिला F4 हा एकच श्वास राहतो आणि तुम्ही ती खाता. शिवाय C4 वर दाब येतो, म्हणून तो बहुधा D3 किंवा D5 ने उत्तर देईल. D3 खेळला तर तुम्हाला E7 ला जायला उसंत मिळते. D5 खेळला तर आधी D6 कडे बघा, तो दगड वर D7 ला जुळू पाहतोय.

आणि जो डाव खेळलात त्यात कापल्यानंतरही सगळं गेलं नव्हतं. खरी चूक E2 आहे. E3 एकटा दगड होता, त्याला वाचवताना तुम्ही मोठी बाजू सोडून दिलीत. F3 ला कापल्यावर बाहेरून G3 ने अतारी द्यायची. तो F2 ला उतरतो. तुम्ही G2 ने रस्ता अडवता. आता तुम्ही E2 खेळलात तर त्याच्या दोन दगडांवर अतारी येते, म्हणून तो स्वतःच E2 खेळतो आणि तुमचा E3 अतारीत येतो. जाऊ दे तो. F4 आणि G3 यांच्यामध्ये G4 ची फट राहते, ती बुजवा. एक दगड आणि खालचा मधला तुकडा गेला, पण उजवी बाजू तुमच्याकडे राहिली.

प्यादं

G3 चा मुद्दा पटला, मी तो तसा कधी बघितला नव्हता. पण D4 बद्दल शंका आहे. चिकटून खेळलं की समोरचा मजबूत होतो. आणि त्याने D4 कडे दुर्लक्ष करून थेट E7 घेतला तर? D7-E7 असा बांध वर तयार होतो आणि तुमचा E5 खाली कोंडला जातो.

निवांत

तो मजबूत होतो हे खरं. म्हणूनच काही नसताना D4 खेळायची नाही, पाचरेची भीती खरी असेल तरच. E7 घेतला तर मी C5 खेळतो. मग C4 ला B4 आणि C3 एवढेच श्वास उरतात. त्याला वरची बाजू मिळते आणि मी त्याची डावी बाजू मोडतो. मला काळा आवडतो, पण इथे मी ठाम नाही. त्याचा वरचा भाग कमी नाही आणि माझा C5 सुद्धा D7 च्या जवळच आहे.

सांजवेळ

विषयांतराबद्दल क्षमस्व. भाचीला F3 आणि G3 चं उदाहरण पटावर मांडून दाखवलं. तिने लगेच विचारलं की पांढरा F3 ऐवजी आधी F2 ला आला तर?

निवांत

छान प्रश्न. मग तुम्ही F3 भरून जोडायचं. काप उरत नाही, आणि F2 चा दगड तुमच्या बाजूला एकटा पडतो.

आडवाउभा

काल रात्री त्याच गड्याशी परत खेळलो. E5, C4, E3 इथपर्यंत तेच, पण या वेळी त्याने D7 च्या ऐवजी लगेच E4 ला पाचर मारली. D4 खेळायला वेळच मिळाला नाही. मी F4, त्याने D4, मी F5, त्याने F3, मी G3, त्याने F2, मी G2, त्याने E2. G4 भरला आणि त्याने वर E7 घेतला. उजवी बाजू राहिली, पण वर तो आत आला आणि थोडक्यात हरलो. E3 ची उडीच लवकर होती का? तिसरी खेळी E4 अशी चिकटवून, किंवा सरळ D4 केली तर पाचरेचा प्रश्नच उरत नाही, पण मग तो खालून E3 ला येईल. इथे काय करता?

निवांत

तिसऱ्या खेळीला मीही दोन-तीन पर्याय वापरून पाहिलेत, एकच असं सांगू शकत नाही. या डावात F5 ऐवजी F3 भरून बघितलंत का? मग तो F5 ला कापतो आणि भांडण मध्यात येतं, जिथे वर तुमचा एकही दगड नाही. E7 आधीच असता तर त्या बाजूने भरणं मला जास्त आवडलं असतं. तुम्ही दोन्ही खेळून इथे टाका, मी पटावर मांडून बघतो.