मदत हवी आहे: टाचेवरील मेलानोमाची जाडी ‘किमान ०.९ मिमी’, पुढे काय करावे?

माझ्या मावशीच्या टाचेवरील काळ्या डागाची बायोप्सी झाली असून अहवालात मेलानोमा, ब्रेस्लो जाडी ०.९ मिमी, व्रण नाही, असे नमूद केले आहे. ही जाडी त्वचेच्या वरच्या कणीदार थरापासून सर्वांत खोल पोहोचलेल्या कर्करोगपेशीपर्यंत मोजतात. १ मिमीपर्यंत जाडी असल्यास भोवतालची १ सेंमी निरोगी त्वचा काढतात आणि २ मिमीच्या पुढे २ सेंमी, एवढे मला समजले आहे. जाडी ०.८ मिमीहून कमी आणि व्रण नसेल, तर लसिकाग्रंथी सहसा तपासत नाहीत. १ मिमीच्या पुढे तपासण्याचा सल्ला देतात. मावशी नेमकी या दोहोंच्या मध्ये आहे.

खरी अडचण निराळीच आहे. नमुना वरवर खरवडून घेतल्यामुळे त्याच्या तळाच्या कडेलाही कर्करोगपेशी दिसल्या आहेत. म्हणजे खरी जाडी याहून जास्त असू शकते. सर्जन म्हणतात, आधी १ सेंमी कड ठेवून डाग काढू आणि ग्रंथींचे नंतर पाहू. परंतु टाचेवर एकदा मोठी शस्त्रक्रिया होऊन त्वचारोपण झाले, की लसिकेचे मार्ग बदलतात आणि जांघेतील किंवा गुडघ्यामागील नेमकी पहिली ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, शोधणे कठीण होते, असे वाचले.

अशा वेळी खरी जाडी कळण्यासाठी आधी उरलेला डाग अरुंद कडेने काढून तपासावा, की सेंटिनल नोडची तपासणी मुख्य शस्त्रक्रियेसोबतच करण्याचा आग्रह धरावा? त्वचारोग किंवा कर्करोग शस्त्रक्रियेतील जाणकारांनी कृपया सांगावे.